सोबत चढले म्हणून सोबती नव्हेत

१९२६ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात जॉर्ज अडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाचा एक निबंध छापून आला. त्यात त्यांनी १८६६ ते १९११ या ४६ वर्षांतली इंग्लंड आणि वेल्सची दोन प्रकारची आकडेवारी शेजारी शेजारी मांडली होती. एकूण लग्नांपैकी किती लग्ने चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागली, हे पहिले प्रमाण. त्याच वर्षी दर हजारी किती माणसे दगावली, हा दुसरा आकडा. दोन्हींमधला सहसंबंध निघाला ०.९५. सहसंबंधाचे माप उणे एक ते अधिक एक या टप्प्यात फिरते आणि अधिक एक म्हणजे अगदी पक्की जोडी. त्यामुळे ०.९५ हा आकडा कोणत्याही संशोधकाला हुरूप देणारा होता. अडचण एवढीच, की चर्चमध्ये लग्न लावणाऱ्यांची संख्या घटली म्हणून देशातले मृत्यू कमी झाले, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

असा आकडा समोर आला की बहुतेक जण एक उत्तर देतात: दोन्हींमागे काहीतरी समान कारण असणार. यूल यांनी हे उत्तर आधीच ओळखले होते आणि त्याची थोडी थट्टाही केली होती. विज्ञानाचा प्रसार झाला म्हणून लोकांची चर्चवरची श्रद्धा ओसरली, विज्ञानाच्याच प्रगतीमुळे मृत्यूही घटले, तेव्हा दोन्हींची जोडी जुळणारच, असे एखादा उत्साही माणूस म्हणेल. कल्पकता असली की कशाचाही कशाशीही संबंध जोडता येतो. यूल यांना हे स्पष्टीकरण पुरेसे वाटले नाही. त्यांच्या मते दोष आपल्या मोजण्यात होता. समान कारणाचा मागमूस नसलेल्या दोन मालिकांमध्येही असा भक्कम सहसंबंध सहज निघू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

तो कसा निघतो, हे समजण्यासाठी एक नाणे पुरे.

दहा नाणेफेकींचा हिशोब

दोन माणसे दोन वेगळ्या खोल्यांत बसली आहेत. दोघेही आपापले नाणे दहा वेळा उडवतात. छापा पडला तर खात्यात एक रुपया जमा, काटा पडला तर एक रुपया वजा. एकाच्या नाण्याचा दुसऱ्याच्या नाण्याशी काहीही संबंध नाही. सुरुवातीला दोघांची शिल्लक शून्य आहे. समजा दहा फेकींनंतर त्यांच्या वह्या अशा दिसतात:

पहिल्याची शिल्लक: १, २, १, २, ३, ४, ३, ४, ५, ४
दुसऱ्याची शिल्लक: १, ०, १, २, ३, २, ३, ४, ३, ४

या दोन ओळींचा सहसंबंध काढला तर तो सुमारे ०.७५ येतो. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यानुसार दहा निरीक्षणांसाठी सहसंबंध ०.६३ च्या वर गेला, की तो ‘लक्षणीय’ मानतात. म्हणजे हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी आहे, असे समजतात. तक्त्यावर विश्वास ठेवला तर दोन खोल्यांतल्या नाण्यांचे काहीतरी संगनमत आहे, असा निष्कर्ष निघेल.

आता शिल्लक बाजूला ठेवून प्रत्येक फेकीत शिल्लक किती बदलली, तेवढेच पाहू. आजच्या आकड्यातून कालचा वजा करायचा:

पहिल्याचा बदल: +१, +१, −१, +१, +१, +१, −१, +१, +१, −१
दुसऱ्याचा बदल: +१, −१, +१, +१, +१, −१, +१, +१, −१, +१

दहापैकी चारच वेळा दोघांचे नाणे एकाच बाजूने पडले, सहा वेळा उलट. या बदलांचा सहसंबंध येतो सुमारे उणे ०.४३. चिन्ह तर उलटलेच, पण हा आकडा ०.६३ च्या मर्यादेच्या आतच आहे. त्यामुळे त्यातून कोणताही संबंध सिद्ध होत नाही. नाण्यांबद्दलचे सत्यही हेच आहे.

शिल्लक मोजताना संबंध दिसला आणि बदल मोजताना तो नाहीसा झाला, याचे कारण शिल्लक या गोष्टीच्या घडणीत आहे. नवव्या फेकीनंतरची शिल्लक म्हणजे आधीच्या आठ फेकींचे ओझे आणि वर एक नवी फेक. वहीत दहा आकडे दिसतात खरे, पण ते दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. प्रत्येक जण आधीच्याचीच साक्ष थोडी फिरवून पुन्हा सांगतो. पाठ्यपुस्तकातला तक्ता मात्र दहाही साक्षीदार स्वतंत्र आहेत असे धरून बनवलेला असतो. यूल यांच्या ४६ वर्षांची गत हीच होती. त्या वर्षांमध्ये ४६ निरीक्षणांची माहिती नव्हती. हळूहळू उतरणाऱ्या दोन रेषा एकाच दिशेने गेल्या, एवढीच काय ती घटना.

स्थिर कशाला म्हणायचे

काळानुसार क्रमाने नोंदलेल्या आकड्यांच्या मालिकेला कालमालिका म्हणतात. रोजचा शेअर निर्देशांक, महिन्याची महागाई, वर्षाचे राष्ट्रीय उत्पन्न या सगळ्या कालमालिकाच. अर्थमितीत त्यांची पहिली तपासणी ‘स्टेशनॅरिटी’ची, म्हणजे मालिका स्थिर आहे की नाही याची असते. स्थिर म्हणजे न हलणारी नव्हे. मालिका कितीही खालीवर होवो, तिची सरासरी बदलता कामा नये, सरासरीभोवतीचा पसारा बदलता कामा नये आणि दोन आकड्यांमधले नाते त्यांच्यात किती अंतर आहे एवढ्यावरच अवलंबून असले पाहिजे, कोणत्या सालातले आहेत यावर नव्हे. नाण्याच्या एकेका फेकीची मालिका स्थिर असते. पहिल्या फेकीचे नियमच हजाराव्या फेकीला लागू होतात.

शिल्लक मात्र स्थिर नसते. १०० फेकींनंतर ती शून्यापासून साधारण १० रुपयांच्या पल्ल्यात असते. १०,००० फेकींनंतर तोच पल्ला १०० रुपयांचा होतो. जितका काळ जाईल तितका पसारा वाढतो आणि मूळ जागी परतण्याची कोणतीही ओढ या मालिकेला नसते. अशा भटक्या मालिकेला ‘रँडम वॉक’ म्हणतात.

स्थिर आणि भटक्या मालिकेतला फरक धक्का बसल्यावर उघड होतो. समजा एका मालिकेत कालच्या मूल्याचा निम्मा भाग आज टिकतो. तिला आठ एककांचा धक्का बसला, तर त्याचा परिणाम पुढे चार, मग दोन, मग एक असा विरत जातो. कालच्या मूल्याचा सगळाच भाग आज टिकत असेल, तर तो धक्का आठ, आठ, आठ असा कायम राहतो. हे टिकण्याचे प्रमाण बरोबर एक असले की मालिकेत ‘युनिट रूट’ आहे असे म्हणतात. अर्थव्यवस्थेतल्या अनेक मालिका या दुसऱ्या प्रकारच्या वाटतात. १९८२ साली चार्ल्स नेल्सन आणि चार्ल्स प्लॉसर यांनी अमेरिकेच्या उत्पन्न, किमती, वेतन, व्याजदर अशा १४ दीर्घ मालिका तपासल्या. बेरोजगारीचा दर सोडला तर उरलेल्या १३ मालिकांमध्ये युनिट रूट नाही असे म्हणायला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही.

नॉटिंगहॅमचा प्रयोग

आपले नाण्यांचे उदाहरण मुद्दाम निवडलेले असेल, अशी शंका वाचकाला येणे रास्त आहे. दहा फेकींची एखादी जोडी कशीही निघू शकते. या शंकेचे उत्तर नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४ साली दिले.

त्यांनी संगणकावर एकमेकींशी कसलाही संबंध नसलेल्या रँडम वॉकच्या १०० जोड्या तयार केल्या. प्रत्येक मालिका ५० आकड्यांची होती. प्रत्येक जोडीत एका मालिकेवरून दुसरीचा अंदाज बांधणारे रिग्रेशन चालवले. रिग्रेशनमध्ये संबंध खरा आहे की योगायोगाचा, हे टी नावाच्या आकड्यावरून ठरवतात. साधारणपणे तो दोनच्या वर गेला, की संबंध खरा मानायचा. ही कसोटी बिनचूक असती, तर १०० पैकी सुमारे ५ जोड्यांत खोटा इशारा मिळायला हवा होता. मिळाला ७७ जोड्यांत. कसोटी पुन्हा शंभरात पाच चुकांवर आणायची असेल, तर टीची मर्यादा दोनवरून ११.२ इतकी वर न्यावी लागेल, असे दोघांनी लिहिले. या फसव्या निकालांना त्यांनी दिलेले ‘स्प्युरिअस रिग्रेशन’ हे नाव पुढे रूढ झाले.

ग्रेंजर यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हे निष्कर्ष मांडले तेव्हा ते कोणालाच खरे वाटेनात. तुमच्या प्रोग्रॅममध्येच चूक असणार, असा श्रोत्यांचा सूर होता. प्रोग्रॅम बरोबर होता. कारण त्या काळच्या कित्येक शोधनिबंधांमध्ये किमती, पैसा, उत्पन्न यांच्या सरळ पातळ्यांवरच रिग्रेशन चालवलेले असे.

जास्त आकडे जमवले तर हा दोष कमी होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. होते उलटेच. पीटर फिलिप्स यांनी १९८६ साली गणिताने दाखवले, की भटक्या मालिकांच्या बाबतीत नमुना जितका मोठा, तितका टीचा आकडा फुगत जातो. ५० वर्षांऐवजी ५०० वर्षांचे आकडे घेतले, तर नसलेला संबंध आणखी ठामपणे ‘सिद्ध’ होतो.

फसव्या रिग्रेशनची एक खूण मात्र त्याच्या निकालपत्रकातच असते. रिग्रेशनने जो अंदाज बांधला आणि जे प्रत्यक्ष घडले, त्यातली तफावत म्हणजे अवशेष. नाते खरे असेल तर अवशेष बेशिस्त विखुरलेले असतात. नाते फसवे असेल तर ते कितीतरी काळ रेषेच्या एकाच बाजूला राहतात, कारण दोन मालिकांतले भटकणे शेवटी त्यांच्यातच साचते. हे मोजणारा डर्बिन-वॉटसन नावाचा आकडा असतो. अवशेषांत क्रम नसेल तर तो दोनच्या जवळ येतो, ते एकमेकांना चिकटून चालत असतील तर शून्याकडे सरकतो. रेषा आकड्यांना किती चांगली जुळली, हे सांगणारा आर-वर्ग हा दुसरा आकडा. आर-वर्ग डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा निघाला तर सावध व्हावे, हा ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांच्यापासून चालत आलेला ठोकताळा. अर्थमितीच्या परीक्षेत आर-वर्ग ०.९८ आणि डर्बिन-वॉटसन ०.३ असे देऊन काय वाटते विचारले, तर अपेक्षित उत्तर असते ते हेच. जुळणी सुरेख आहे म्हणून खूश होऊ नये, ती संशयास्पद आहे म्हणून थांबावे.

१९८० साली डेव्हिड हेन्ड्री यांनी याच गोष्टीची गंमत केली. ब्रिटनमधल्या किमतींची पातळी कशाने ठरते? पैशाच्या पुरवठ्याने, असे म्हणणारे तेव्हा बरेच होते. हेन्ड्री यांनी पैशाऐवजी आणखी एक मालिका घेतली आणि तिने किमतींशी जास्त सुरेख जुळणी साधली. ती होती ब्रिटनमध्ये आजवर पडलेल्या पावसाची बेरीज. पावसाची बेरीज कधी घटत नाही, किमतीही सहसा घटत नाहीत. एवढ्या भांडवलावर पाऊस महागाईचे ‘कारण’ ठरला.

कालचा आकडा वजा करा

उपाय आपण नाण्यांच्या वहीत पाहिलाच आहे. आजच्या आकड्यातून कालचा वजा करायचा. यालाच पहिला फरक किंवा ‘फर्स्ट डिफरन्स’ म्हणतात. हेन्ड्री यांच्या पावसाला तो लावला तर बेरीज नाहीशी होते आणि त्या तिमाहीत प्रत्यक्ष किती पाऊस पडला तेवढे उरते. किमतींना लावला तर पातळी जाऊन महागाई उरते. मग प्रश्न असा होतो: ज्या तिमाहीत पाऊस जास्त पडला, त्या तिमाहीत किमती नेहमीपेक्षा जास्त वाढल्या का? हा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे आणि नेमका म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे. पातळ्यांची जोडी जुळायला दोघांनी एकाच दिशेने जाणे पुरते. बदलांची जोडी जुळायला मात्र दर वेळी एकमेकांच्या चालीला दाद द्यावी लागते.

प्रत्यक्षात उत्पन्न किंवा किमतींसारख्या मालिकांचा आधी लॉगॅरिथम घेतात आणि मग वजाबाकी करतात. त्यामुळे मिळालेला फरक जवळपास टक्केवारीतली वाढ होतो. १०० चे १०५ होणे आणि १००० चे १०५० होणे एकाच मापाने मोजले जाते.

वजाबाकी करायची की नाही, हे ठरवण्यासाठी डेव्हिड डिकी आणि वेन फुलर यांनी १९७९ साली मांडलेली चाचणी वापरतात. तिचा गाभा साधा आहे. मालिका आपल्या सरासरीच्या वर असेल तर पुढच्या वेळी ती खाली येण्याकडे झुकते का, आणि खाली असेल तर वर येण्याकडे? झुकत असेल तर ती स्थिर आहे. झुकाव दिसत नसेल तर युनिट रूट आहे, हे गृहीत धरून चालतात. एक खुबी लक्षात ठेवायची. इथे नेहमीची मर्यादा चालत नाही, कारण युनिट रूट असताना टीचा आकडा नेहमीच्या घंटेसारख्या वक्राप्रमाणे वागत नाही. मोठ्या नमुन्यात, स्थिरांक धरून केलेल्या चाचणीत तो उणे २.८६ च्या खाली गेला, तरच मालिका स्थिर म्हणता येते. या चाचणीची एक दुर्बलताही आहे. कालच्या मूल्याचा ९५ टक्के भाग टिकवणारी मालिका आणि पूर्ण शंभर टक्के टिकवणारी मालिका यांत ५० वर्षांच्या आकड्यांवरून भेद करणे तिला सहसा जमत नाही. ‘युनिट रूट नाही असे सिद्ध झाले नाही’ आणि ‘युनिट रूट आहे’ या दोन वाक्यांत म्हणूनच मोठे अंतर आहे.

वजाबाकीत काय हरवते

हे सगळे वाचून दिसेल त्या मालिकेवर वजाबाकी चालवावी, असे कोणाला वाटेल. तसे करण्यात दोन धोके आहेत.

पहिला धोका जास्त वजाबाकीचा. काही मालिका भटक्या नसतात. त्या एका ठरलेल्या सरळ चढणीभोवती स्थिर असतात आणि रेषेपासून ढळल्या तर तिच्याकडेच परततात. अशा मालिकेतून ती चढण वेगळी काढणे पुरेसे असते. तिच्यावर वजाबाकी केली तर आजचा धक्का अधिक चिन्हाने आणि कालचा उणे चिन्हाने एकाच आकड्यात येतात. मूळ धक्क्यांमध्ये काहीही नाते नसताना शेजारच्या बदलांमध्ये उणे ०.५ चा सहसंबंध तयार होतो. तो अर्थव्यवस्थेने निर्माण केलेला नसतो, आपल्या वजाबाकीने केलेला असतो.

दुसरा धोका अधिक महत्त्वाचा, कारण त्यातून एक नवे दालन उघडले. दोन मालिका एकेकट्या भटक्या असल्या तरी त्यांच्यात खरेच दूरचे नाते असू शकते. लोकांचे उत्पन्न आणि खर्च दोन्ही अनिश्चित वाटेने वर जातात, पण खर्च उत्पन्नापासून कायमचा दूर पळू शकत नाही. मायकेल मरे या अर्थतज्ज्ञांनी १९९४ साली याला दारू पिऊन झोकांड्या खात जाणारी बाई आणि तिचा मोकळा कुत्रा यांची उपमा दिली. दोघांची वाट बेभरवशाची, पण हाक मारली की अंतर पुन्हा कमी होते. आता आपण केवळ बदल मोजले, तर दोघांच्या पावलांचा हिशोब मिळेल आणि त्यांच्यातले अंतर मात्र हिशोबातून निसटेल. फरक काढताना पातळी पुसली जाते आणि पातळ्यांमधली ओढही तिच्याबरोबर जाते.

हा आक्षेप घेणाऱ्यांत हेन्ड्रीही होते. दोन भटक्या मालिकांमधली तफावत स्वतः स्थिर असू शकते, असे त्यांनी ग्रेंजर यांना सांगितले. ग्रेंजर यांनी उत्तर दिले, की हे चूक आहे आणि मी ते गणिताने सिद्ध करून दाखवतो. सिद्ध करायला बसल्यावर हेन्ड्रीच बरोबर निघाले. ग्रेंजर यांनी हा प्रसंग आपल्या नोबेल व्याख्यानात स्वतः सांगितला आहे. त्यातून जन्मलेल्या संकल्पनेला ‘कोइंटिग्रेशन’ म्हणतात. तपासण्याची रीत अशी, की पातळ्यांवरच रिग्रेशन चालवायचे आणि त्याचे अवशेष स्थिर आहेत का ते पाहायचे. अवशेष भटकत असतील तर रिग्रेशन फसवे. ते सरासरीकडे परतत असतील तर नाते टिकाऊ. मग बदलांच्या समीकरणात गेल्या वेळच्या तफावतीची एक संज्ञा जोडली, की रोजची चाल आणि दूरची ओढ दोन्ही पकडता येतात. रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ साली ही रीत एकत्र मांडली आणि २००३ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. ज्या माणसाने फसव्या नात्यांची पोल उघडली, त्यानेच खरी नाती ओळखण्याची पद्धतही दिली.

एवढे सगळे करूनही कार्यकारण सिद्ध होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. बदलांमध्ये सहसंबंध दिसला तरी कोणामुळे कोण हलले, की तिसऱ्याच कशाने दोघांना हलवले, हे प्रश्न उरतातच. वजाबाकीने एवढेच होते, की जे प्रश्न विचारण्याचीही गरज नव्हती ते आधीच गळून पडतात.

तेव्हा वर्तमानपत्रात, भाषणात किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशात वर्षानुवर्षे जोडीने चढणारे दोन आलेख दिसले, की कारणांची चर्चा सुरू करण्याआधी एक मागणी करावी: पातळी नको, दर वर्षाचा बदल दाखवा. बदलांमध्ये जोडी टिकली तर बोलायला काहीतरी आहे. नाही टिकली, आणि मधली तफावतही दर वर्षी रुंदावतच असेल, तर त्या दोन आलेखांनी एवढेच सांगितले की दोघेही वर गेले. त्याला पुरावा म्हणू नये.